दोन नळ, दोन रोग: वायसर आणि सिरॅमिक डिस्क ओळखण्यात झालेली गल्लत

पार्श्वभूमी

पुण्यातली चार मजली सोसायटी, बांधकाम नव्वदच्या दशकातलं. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या एक काकू. मी त्याच इमारतीत राहतो. टूलरूममध्ये नोकरी झाली, आता निवृत्त आहे, म्हणून सोसायटीच्या पाण्याच्या कामाचं जोखड आपोआप माझ्या मानेवर आलं आहे. काकूंच्या परवानगीने हे प्रकरण लिहितो आहे.

त्यांच्या बाथरूममध्ये दोन नळ. बादलीचा नळ इमारतीइतकाच जुना: जड पितळी, क्रोम उडालेला, वर गोल मूठ. बेसिनचा नळ मात्र काही वर्षांपूर्वी बेसिन बदललं तेव्हा बसवलेला, अजून चकचकीत, तीन कानांची फुलासारखी मूठ आणि तोंडाला जाळी. कोणीही बघितलं तर म्हणेल, जुन्यात वायसर असणार आणि नव्यात सिरॅमिक डिस्क. सगळा घोळ इथूनच सुरू झाला.

अडचण

एका सोमवारी गच्चीवरची टाकी धुतली. मंगळवारपासून बादलीचा नळ ठिबकायला लागला. बेसिनचा तर आधीपासूनच थोडा ठिबकत होता, तो वाढला. कामाला येणाऱ्या मावशींनी दोन्ही नळ जोर लावून पिळायला सुरुवात केली. बेसिनचा त्याने थोडा वेळ थांबायचा. बादलीचा मात्र ढिम्म. हा फरक काकूंनी मला पहिल्याच फोनवर सांगितला होता आणि मी तो कानाआड केला. खरं म्हणजे निम्मं निदान त्यातच होतं.

काकूंनी प्लंबरला फोन केला. त्याने विचारलं, "नळ जुना की नवा?" एक जुना, एक नवा, असं कळल्यावर तो म्हणाला, जुन्यासाठी अर्ध्या इंचाची दोन-तीन वायसरं आणून ठेवा. आल्यावर त्याने बादलीचा नळ उघडला, तर आत वायसर बसवायला जागाच नाही. त्याने तो तसाच परत बसवला, "आतलं काम संपलंय" म्हणाला आणि दोन्ही नळ बदलायचा खर्च सांगितला, मजुरी धरून तीन हजारांच्या वर. बेसिनचा नळ तर त्याने उघडलाही नाही. "नवीन मॉडेल आहे, ह्यात कार्ट्रिज असतं, ते मिळत नाही," एवढं सांगून तो गेला.

संध्याकाळी मी वर गेलो तेव्हा बादलीच्या नळाखाली मापाचं भांडं ठेवलेलं होतं. काकू जुन्या शिक्षिका. तासाभरात किती साचतं ते त्यांनी मोजलं होतं. १८० मिलिलिटर. सेकंदाला साधारण एक थेंब म्हणजे दिवसाला सव्वाचार लिटरहून थोडं जास्त. पाणी फार गेलं असं नाही, पण रात्रभर टप-टप आणि फरशीवर क्षाराचा पांढरा पट्टा, ह्याने त्या वैतागल्या होत्या.

आत काय असतं

पुढचं समजायला दोन्ही नळांची आतली रचना डोळ्यांपुढे हवी.

वायसरच्या नळात मूठ फिरवली की आट्यांचा दांडा खाली-वर होतो. दांड्याच्या टोकाला रबराची चकती असते, तेच वायसर. नळाच्या पोटात पाणी येण्याच्या भोकाला उंच काठ असतो. त्याला सीट म्हणतात. वायसर त्या काठावर दाबलं गेलं की पाणी बंद. म्हणजे इथे पाणी अडतं ते दाबामुळे. रबर कडक झालं, चेपलं किंवा काठावर खाच पडली की नळ ठिबकतो. आणखी पिळलं की रबर आणखी दबतं आणि थोडे दिवस निभतं.

सिरॅमिकमध्ये काहीच दाबलं जात नाही. पितळी नळकांड्यात दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात, एक स्थिर आणि एक मुठीबरोबर फिरणारी. दोघींना खिडक्या असतात. खिडकीसमोर खिडकी आली की पाणी चालू, खिडकीसमोर भिंत आली की बंद. ह्या चकत्या बहुतेक अॅल्युमिनाच्या असतात, म्हणजे रासायनिकदृष्ट्या आपला कुरुंदच. झिजता झिजत नाहीत, पण काचेसारख्या ठिसूळ. नळकांड्याच्या तळाशी एक रबरी कडं असतं. ते पाण्याला नळकांड्याच्या बाहेरून पळू देत नाही. मूठ पाव फेरा फिरली की आतला खटका तिला अडवतो. त्या खटक्यापुढे कितीही जोर लावला तरी चकत्या अधिक घट्ट बसत नाहीत. फक्त खटका किंवा मुठीचे दाते तुटतात.

ओळख कशी पटवली

मी हत्यारांची पेटी नेली होती, पण पहिला अर्धा तास ती उघडली नाही. काकूंना म्हटलं, मुठीवर खूण करायला काहीतरी द्या. त्यांनी कुंकवाचा करंडा पुढे केला. दोन्ही नळ हलक्या हाताने बंद करून मुठींवर भिंतीच्या बाजूला कुंकवाचं एकेक बोट लावलं.

बादलीचा नळ सावकाश उघडला. ठिपका भिंतीकडून बाजूला आला आणि टक्कन थांबला. नव्वद अंश, जेमतेम. तेवढ्यात धार पूर्ण सुटली. बंद केला तर ठिपका नेमका मूळ जागी आणि पुन्हा तसाच कडक थांबा. म्हणजे ह्या जुन्या पितळी नळाच्या पोटात सिरॅमिकचं पाव फेऱ्याचं फिटिंग होतं. काकूंना मग आठवलं, त्यांचे यजमान असताना कोणीतरी "आतलं मशीन" बदलून दिलं होतं. अर्ध्या इंचाच्या बऱ्याच जुन्या नळांत असं फिटिंग आट्यांवर थेट बसतं. बाहेरचं घर जुनं, मूठ जुनी, आतला भाडेकरू नवा.

बेसिनच्या नळाचा ठिपका मात्र गोल गोल फिरत राहिला. पहिल्या अर्ध्या फेऱ्यात नुसती करंगळीएवढी धार, मग हळूहळू वाढत तीन फेऱ्यांनंतर पूर्ण उघडला. बंद करताना शेवट मऊ लागला, दाबत गेलं तशी मूठ आणखी थोडी सरकत होती. ठिपका दर वेळी वेगळ्या जागी थांबत होता. हा वायसरचा नळ, चकचकीत कपडे घातलेला.

मग दुसरी खात्री. बेसिनचा नळ बोटभर जास्त पिळला तर थेंबांमधलं अंतर वाढलं. बादलीच्या नळाला खटक्यापर्यंत नेऊन मी आणखी जोर लावला नाही, कारण मावशींनी तो प्रयोग आठवडाभर केलाच होता आणि थेंब तसूभरही कमी झाला नव्हता.

आणखी एक गोष्ट बघितली: पाणी नेमकं कुठून येतं? दोन्हीकडे तोंडातूनच येत होतं. मुठीखालून झिरपत असतं तर प्रश्न दांड्याभोवतीच्या ओ-रिंगचा किंवा पॅकिंगचा ठरला असता आणि वायसर बदलून काही मिळालं नसतं. शिवाय बेसिनच्या तोंडाला जाळी होती. जाळीत अडलेलं पाणी नळ बंद केल्यावर मिनिटभर ठिबकतं, ती गळती नव्हे. म्हणून दहा मिनिटं थांबून मगच थेंब मोजले.

ह्या पाव फेऱ्याच्या कसोटीला मर्यादा आहे. बाजारात अर्ध्या फेऱ्याचे नळ मिळतात; त्यांच्या आत काय आहे ते मुठीवरून छातीठोक सांगता येत नाही, उघडूनच बघावं लागतं. प्लास्टिकच्या काही नळांत पाव फेरा असतो, पण आत चकत्या नसून भोकाचा गोळा असतो. एकाच दांडीने गरम-गार मिसळणारा नळ असेल तर मोजामोजी करूच नये. आजकाल त्यात बहुधा कार्ट्रिजच असतं, तेही वेगळ्या, जाड घडणीचं.

पर्याय

पहिला, प्लंबरने सांगितलेला: दोन्ही नळ बदला. बेसिनचं ठीक, पण बादलीच्या नळाला मला हात लावायचा नव्हता. तो भिंतीतल्या जुन्या लोखंडी पाइपाला जोडलेला. तीस वर्षांचा गंजलेला आटा पिळताना आत तुटला तर टाइल फोडून काम करावं लागतं. नळ आहे तिथेच ठेवून आतलं दुरुस्त करणं हाच शहाणपणा होता.

दुसरा: बादलीच्या नळाचं फिटिंग काढून साफ करायचं. टाकी धुतल्यावर लगेच ठिबक सुरू झाली, म्हणजे चकत्यांत कचरा अडकला असण्याचा संभव मोठा. खर्च शून्य.

तिसरा: त्याचं फिटिंगच नवं घालायचं.

बेसिनसाठी वायसर बदलणं हा उघड उपाय होता. वायसरं तर काकूंनी चुकून बादलीच्या नळासाठी आधीच आणलेली होती. दुसरा विचार असा की त्यालाही सिरॅमिक फिटिंग मिळालं तर बसवावं. काकूंच्या मनगटात संधिवात आहे, तीन फेरे पिळणं त्यांना जड जातं. पण आमच्या टाकीतून अधूनमधून गाळ येतो. रबर असा एखादा कण पोटात दाबून घेतं आणि निभावून नेतं, चकत्यांना ते जमत नाही. शिवाय वायसर पाच-दहा रुपयांचं, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं. मी वायसरच्या बाजूने कौल दिला.

काय केलं

बाथरूमचा व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं न हलवलेला. थोडा जोर लावला, हलला नाही, सोडून दिला. तो तुटला असता तर ठिबक परवडली म्हणायची वेळ आली असती. गच्चीवर जाऊन आमच्या उभ्या लाइनीचा व्हॉल्व्ह बंद केला, आधी त्या लाइनीवरच्या बाकीच्या घरांना सांगून. मग दोन्ही नळ उघडे ठेवून पाइपातलं पाणी जाऊ दिलं. बेसिनच्या भोकात फडकं कोंबलं, कारण मुठीचा स्क्रू पडला की तो नेमका तिथेच जातो.

आधी बेसिन. मुठीवरचं बटण नखाने उचकटलं, खालचा स्क्रू काढला, मूठ वर ओढली. एका पान्याने नळाचं अंग धरलं, दुसऱ्याने फिटिंग सोडवलं. अंग धरलं नाही तर अख्खा नळ फिरतो आणि खालचा जोड ढिला होतो. बाहेर आलेल्या दांड्याच्या टोकाला काळं वायसर, मधोमध सीटच्या काठाची खोल गोल खूण. नवीन घातलं. पाणी सुरू केल्यावर थेंब कमी झाला, पण बंद झाला नाही. पुन्हा उघडून सीटवरून बोट फिरवलं तर एका जागी नखाला खाच लागली. ठिबकणारा नळ महिनोन्महिने तसाच ठेवला की पाण्याची बारीक धार तिथून सतत जाते आणि पितळ कापते. मग कितीही नवी वायसरं घाला. दुकानदाराकडून हाताने फिरवायचा सीट कटर उसना आणला, हलक्या दाबाने तीन-चार फेरे दिले, चुरा पाण्याने धुऊन काढला. ह्या वेळी ठिबक थांबली.

मग बादलीचा नळ. फिटिंग काढलं तर बाजूला दोन खिडक्या असलेलं पितळी नळकांडं, तळाशी काळं कडं आणि आत पांढऱ्या चकत्या. खिडक्यांत वाळूचे दोन-तीन कण आणि गंजाची खपली दिसली. चकत्या बाहेर काढताना कशा बसल्या होत्या त्याचा मोबाइलवर फोटो घेतला. उलट्या बसल्या तर नळ बंद केल्यावर चालू होतो. क्षार निघावा म्हणून अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवल्या.

धुऊन, ओल्या असतानाच एकीवर दुसरी ठेवली. चांगल्या चकत्या अशा वेळी एकमेकींना धरतात, वरची उचलली तर खालची लटकत येते. ह्याही आल्या. पण बॅटरीच्या उजेडात तिरप्या धरल्यावर एका खिडकीच्या काठाला मोहरीएवढाही नसेल असा कपचा उडालेला दिसला. कण मध्ये अडकलेला असताना कोणीतरी जोर लावला होता.

इथे निर्णयाचा क्षण होता आणि तिथे मी चुकलो. कपचा दिसत असूनही मी स्वतःला समजावलं की चकत्या एकमेकींना धरताहेत, म्हणजे चालून जाईल. थोडं सिलिकॉन ग्रीस लावून (साधं ग्रीस किंवा तेल लावायचं नाही, त्याने रबरी कडं फुगतं) सगळं परत बसवलं. ठिबक बंद. काकूंनी चहा केला, वर चकल्या दिल्या.

नवव्या दिवशी फोन आला: "अहो, तो परत सुरू झाला."

झालं होतं ते असं. ग्रीसने कपचा बुजवला होता. आठवडाभर पाणी वाहिलं, ग्रीस निघून गेलं, वाट पुन्हा मोकळी. मला मिळालेला निकाल दुरुस्तीचा नव्हता, ग्रीसचा होता.

मग नवीन फिटिंग आणायला गेलो आणि दुसरी चूक केली: जुनं काकूंकडेच ठेवून "अर्ध्या इंचाचं पाव फेऱ्याचं" असं तोंडी सांगितलं. आणलेल्याचे आटे बरोबर बसले, पण दांड्याच्या टोकाचे दाते वेगळ्या मोजणीचे, मूठ बसेना. दुसऱ्या फेरीत जुनं खिशात घालून गेलो. काउंटरवर दोन्ही शेजारी उभी करून तीन गोष्टी ताडल्या: आटे, तळापासून आट्यांपर्यंतची लांबी आणि टोकाचे दाते. लांबी कमी असली तर तळाचं कडं सीटपर्यंत पोचत नाही आणि नवीन फिटिंगही पहिल्या मिनिटापासून ठिबकतं. हे जुळलं. सव्वादोनशे रुपये. बसवण्याआधी सीटवरून बोट फिरवलं, गुळगुळीत होती. कडं ओलं करून हाताने जेवढं बसतं तेवढं बसवलं आणि पान्याने शेवटचा थोडा ताण दिला.

निष्पत्ती

बादलीचा नळ त्यानंतर ठिबकलेला नाही. बेसिनचाही कोरडा आहे. एकूण खर्च तीनशेच्या आत, त्यात वायसरं आली. चुकीच्या दातांचं फिटिंग दुकानदाराने परत घेतलं. मावशींना काकूंनी बादलीच्या नळाची मूठ पाव फेरा फिरवून दाखवली आणि सांगितलं, "टक् झालं की सोडून द्यायचं." पहिले काही दिवस त्यांना ते पटत नव्हतं. नळ घट्ट पिळल्याशिवाय बंद होतो, ह्यावर हाताचा विश्वास बसायला वेळ लागतो.

वेगळं काय करता आलं असतं

प्लंबरने केलेली चूक मलाही झाली असती, काकूंनी कुंकू लावून दिलं नसतं तर. त्याने विचारलेला प्रश्न चुकीचा होता. नळ जुना की नवा ह्याऐवजी "किती फेऱ्यांत उघडतो आणि जास्त पिळल्यावर थेंब कमी होतो का" एवढं फोनवरच विचारलं असतं तर दोन्ही नळांचं निदान घराबाहेरून झालं असतं. काकूंनी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर न विचारता दिलं होतं.

कपचा दिसल्या क्षणी मी साफसफाईवर थांबायला नको होतं. कचरा आणि क्षार धुऊन जातात, मोडलेली कड धुऊन जात नाही. ग्रीस लावण्याआधी चकत्या कोरड्या बसवून एकदा पाणी सोडून पाहिलं असतं, तर कपचा तिथेच बोलला असता. आता मी आधी तसंच बघतो आणि मग ग्रीस लावतो.

बेसिनच्या बाबतीत माझा कौल बरोबर होता का, ह्याबद्दल मी अजून डळमळीत आहे. गाळाचा विचार मी केला, मनगटाचा पुरेसा केला नाही. दोन महिन्यांनी काकू सहज म्हणाल्या, बादलीचा नळ उघडायला किती सोपा आहे, बेसिनचाच हात दुखवतो. दिवसातून वीस वेळा लागणारा नळ तो. सीट कटर आणायला गेलो तेव्हाच दुकानात जुना दांडा दाखवून त्या मापाचं पाव फेऱ्याचं फिटिंग मागायला हवं होतं. पुढच्या वेळी वायसर गेलं की तेच करणार आहे.

टाकी धुण्याच्या दिवशी मात्र आता एक क्रम ठरला आहे. लाइन सुरू झाली की पहिलं गढूळ पाणी बेसिनच्या नळातून सोडायचं, तेही तोंडाची जाळी काढून. पाच-सात मिनिटांनी पाणी नितळ आलं की मगच बादलीचा नळ उघडायचा. बेसिनखालच्या कपाटाच्या दाराला आतून काकूंनी पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे: "बेसिन – वायसर. बादली – पाव फेरा, पिळू नये." खाली उरलेली दोन वायसरं, काड्यापेटीत.